‘आपण टाकी बदलू’ म्हणजे नक्की कोण बदलणार? एका इतिवृत्तातले अप्रत्यक्ष कथन

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत माणसे प्रत्यक्ष बोलतात आणि इतिवृत्तात ते बोलणे अप्रत्यक्ष होऊन उतरते. पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. म्हणजे ते वाचणारा माणूस बोलण्याच्या क्षणापासून काही आठवडे लांब असतो, कधी तो सभेला हजरही नसतो. त्याच्यापर्यंत पोचताना काळ आणि सर्वनाम कुठे निसटतात ते पाहण्यासाठी चार जणांच्या बोलण्याचा एक छोटा तुकडा घेऊ. उदाहरण अभ्यासासाठी रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक चूक रोजच्या लिखाणात सापडते.

सभा रविवार, १५ जून २०२५ रोजी झाली. विषय गच्चीवरच्या टाकीचा. ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले बोलणे असे:

सचिव (पुरुष): “परवा टाकी गळत होती. मी लगेच ठेकेदारांना फोन केला.”

खजिनदार (स्त्री): “मी आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. कोटेशन आलं की देईन.”

ठेकेदार: “मी उद्या येतो. तोवर पंप चालू करू नका. आणि टाकी बदलायचीच झाली तर आपण बदलू.”

सदनिका ३०२ मधील सदस्य (स्त्री), खजिनदारांना उद्देशून: “मी दोनदा ऑफिसात आले होते, तुम्ही मला पावती दिली नाहीत. ही काय पद्धत झाली? आणि पाणी कधी येणार?”

यावरून तयार झालेला पहिला मसुदा:

“सचिवांनी परवा टाकी गळत असल्याचे व त्यांनी ठेकेदारांना फोन केल्याचे सांगितले. खजिनदारांनी सांगितले की त्यांनी आगाऊ रक्कम दिलेली नव्हती व कोटेशन आल्यावर देणार असल्याचे सांगितले. ठेकेदाराने सांगितले की ते उद्या येत आहेत व तोपर्यंत पंप चालू करण्यास सांगितले नाही, तसेच आपण टाकी बदलू. सदनिका ३०२ च्या सदस्यांनी सांगितले की त्या दोनदा आले होते व त्यांनी त्यांना पावती दिली नाहीत, ही काय पद्धत झाली व पाणी कधी येणार?”

वरवर वाचले तर मसुदा चालून जाईल असे वाटते. प्रत्यक्षात यात किमान तीन ठिकाणी अर्थच बदललेला आहे. बाकीच्या चुका व्याकरणाच्या आहेत.

सगळ्यात महाग चूक ‘नव्हती’ या एका शब्दात आहे. खजिनदार म्हणाल्या “दिलेली नाही”, मसुद्यात आले “दिलेली नव्हती”. हे कुठून आले ते ओळखणे अवघड नाही. शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ घोकताना सांगणारे क्रियापद भूतकाळी असेल तर आतले क्रियापदही एक पायरी मागे न्यायचे, असे हाताला वळण लागते. मराठीत तो नियम नाही. मराठीत आतले वाक्य बोलणाऱ्याच्या क्षणाला धरून राहते. “मी आजारी आहे” असे कोणी काल म्हणाला असेल, तर आपण आज सांगताना “तो आजारी आहे, असे तो म्हणाला” असेच सांगतो. “तो आजारी होता, असे तो म्हणाला” म्हटले तर ऐकणारा समजतो की बोलण्याच्या आधी कधीतरी तो आजारी होता आणि बोलताना बरा होता.

आता हीच कसोटी पैशाच्या वाक्याला लावा. “रक्कम दिलेली नाही” म्हणजे १५ जूनला ती अजून खात्यातच आहे. “रक्कम दिलेली नव्हती” म्हणजे आधीच्या कुठल्या तरी वेळी दिलेली नव्हती, पुढे बहुधा दिली. दोन महिन्यांनी ठेकेदार पैसे मागायला आला आणि कोणी इतिवृत्त उघडले, तर या एका शब्दबदलावरून वाद होऊ शकतो. त्यात बोलण्यातला ‘अजून’ मसुद्यात गळून पडला. तो असता तर ‘नव्हती’ खटकली असती, कारण “अजून दिलेली नव्हती” वाचताच ‘कधीपर्यंत?’ असा प्रश्न मनात येतो. काळाची क्रियाविशेषणे म्हणजे अजून, आधीच, तोवर, नुकते, ही अप्रत्यक्ष कथनात सर्वात आधी गळतात आणि काळाची चूक पकडून देणारेही नेमके तेच शब्द असतात. म्हणून मसुदा तपासताना मूळ बोलण्यातले असे शब्द आधी मोजावेत.

याचा अर्थ आतल्या वाक्यात भूतकाळ कधीच येत नाही असा नाही. बोलणाऱ्यानेच भूतकाळ वापरला असेल तर तो तसाच ठेवायचा. सचिवांच्या बोलण्यात तेच आहे, आणि मसुद्याची दुसरी मोठी चूक तिथेच झाली.

सचिव म्हणाले, “टाकी गळत होती.” मसुद्यात आले “टाकी गळत असल्याचे सांगितले”. ‘असल्याचे’, ‘केल्याचे’, ‘होणार असल्याचे’ ही रूपे वर्तमानपत्री आणि कार्यालयीन मराठीत इतकी रुळली आहेत की ती अप्रत्यक्ष कथनाची मूळ रीतच वाटू लागतात. त्यांची सोय खरी आहे. ‘की’ लागत नाही, वाक्य आटोपशीर होते, लांबलचक बोलणे एका ओळीत बसते. पण या रूपांना किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत काळाची असते. “गळत आहे” आणि “गळत होती” ही दोन वेगळी वाक्ये ‘असल्याचे’मध्ये शिरली की दोन्हींचे “गळत असल्याचे” होते. “केला” आणि “केला होता” या दोन्हींचे “केल्याचे” होते. मूळ वाक्यातला आहे-होताचा फरक पुसला जातो आणि तो परत मिळवायला त्या वाक्यात काही उरत नाही.

इथे तर ‘परवा’ शब्दाने आणखी गोंधळ केला. मराठीत परवा कालच्या आधीचाही असतो आणि उद्याच्या नंतरचाही. कोणता ते क्रियापद सांगते: “परवा गेलो”, “परवा जाईन”. क्रियापदाचा काळ ‘असल्याचे’ने काढून घेतला की ‘परवा’ला दिशाच राहत नाही. “परवा टाकीची पाहणी असल्याचे सचिवांनी सांगितले” हे वाक्य वाचून पाहणी झाली की व्हायची आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. इतिवृत्तात त्यावर उपाय एकच आहे. परवा, काल, आज, उद्या हे शब्द काढून तारीख लिहायची. १५ जूनच्या सभेत भूतकाळी क्रियापदासोबत आलेला ‘परवा’ म्हणजे शुक्रवार, १३ जून. गोष्टीत किंवा बातमीत ‘दोन दिवसांपूर्वी’, ‘आदल्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’ चालते. जे लिखाण महिन्यांनी उघडले जाणार आहे त्यात तारीखच बरी.

आणि ‘असल्याचे’ कधी वापरावे? बोलणे वर्तमानाविषयी असेल आणि काळाचा फरक महत्त्वाचा नसेल, तिथे खुशाल वापरावे: “इमारतीत चोवीस सदनिका असल्याचे सचिवांनी सांगितले.” बोलणाऱ्याने ‘होता-होती-होते’ म्हटले असेल तर मात्र पूर्ण क्रियापद ठेवून पुढे ‘असे’ जोडावे: “टाकी गळत होती, असे सचिवांनी सांगितले.” बोललेले “होतं” लिहिताना “होते” करावे हे ओघानेच आले, तो बदल लेखनाचा आहे, काळाचा नाही.

भविष्यकाळात गुंता वेगळ्या प्रकारचा आहे. ठेकेदार म्हणाला, “मी उद्या येतो.” रूप वर्तमानकाळाचे, अर्थ भविष्याचा. मराठीत निरोप घेताना, वायदा करताना आपण सर्रास असे बोलतो. “आलोच” म्हणताना तर रूप भूतकाळाचे असते आणि माणूस अजून घरातून निघालेलाही नसतो. त्यामुळे रूपाकडे न पाहता अर्थाकडे पाहून बदल करावा लागतो. मसुद्यात रूपाकडे पाहिले गेले आणि “येत आहेत” झाले. त्यातून ठेकेदार वाटेत असल्याचा भास होतो. “आलोच” चे “आल्याचे सांगितले” झाले तर चूक कोणालाही दिसते. “येतो” चे “येत असल्याचे” झाले तर ती सहज नजरेआड होते. इथे हवे ते “सोमवार, १६ जून रोजी येतील” किंवा “येणार आहेत”.

या दोघांतही फरक आहे, आणि तो खजिनदारांच्या वाक्यात दिसतो. त्या म्हणाल्या “देईन”. मसुद्यात “देणार असल्याचे” झाले. ‘-ईन’ या भविष्यकाळात तयारी असते, अट असते, थोडी मोकळीक असते. ‘-णार’मध्ये ठरलेपणा असतो. “बघू, जमलं तर येईन” आपण म्हणतो, “बघू, जमलं तर येणार” कानाला खटकते. कोटेशन आले की देईन, ही अटीवर दिलेली तयारी. तिचे ‘देणार’ झाले की संस्थेने पैसे द्यायचे ठरवले असे वाचले जाऊ शकते. दर वेळी हा फरक जीवनमरणाचा नसतो, पण पैसा, तारीख आणि जबाबदारी यांच्या वाक्यांत ‘-ईन’ चे ‘-ईल/-तील’ करावे आणि ‘-णार’ तिथेच वापरावे जिथे बोलणाऱ्याने वापरले.

आता सर्वनामे. ‘की’ लावले म्हणजे कथन अप्रत्यक्ष झाले, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. बोलताना आपण म्हणतो, “साहेब म्हणाले की मी उद्या येतो.” इथे ‘की’ आहे, पण ‘मी’ साहेबांचा आहे, म्हणजे आतले वाक्य प्रत्यक्षच आहे. बोलण्यात सूर आणि प्रसंग यांमुळे कोणी फसत नाही. कागदावर सूर नसतो. तोच ‘मी’ लिहिणाऱ्याचा वाटू शकतो. म्हणून लिहिताना ‘की’नंतरच्या मी-तू-आम्ही-तुम्हीकडे थांबून पाहावेच लागते.

सरळ बदल असा, की ‘मी’च्या जागी तो, ती किंवा आदरार्थी ते, त्या येतात. पण क्रियापदाने ‘मी’ची खरी विभक्ती लपवलेली असते. “मी फोन केला” यात ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, तरी तो कर्ता तृतीयेतला आहे. म्हणून “त्यांनी फोन केला”, “ते फोन केला” नव्हे. “मी आले होते” यात क्रियापद अकर्मक, म्हणून “त्या आल्या होत्या”. मसुद्यातले “त्या दोनदा आले होते” ही अर्धवट बदलाची खूण आहे: सर्वनाम बदलले, क्रियापद जागचे हलले नाही. बाई स्वतःविषयी बोलताना “आले होते” म्हणतात तेव्हा ते एकवचनी स्त्रीलिंगी रूप असते. “ते आले होते” मधले रूप दिसायला तेच असले तरी ते पुल्लिंगी आदरार्थी आहे. सारखेपणामुळे डोळा फसतो.

तसेच “तुम्ही पावती दिली नाहीत” मधला शेवटचा ‘त’. तो द्वितीय पुरुषाचा प्रत्यय आहे, जसा “तू दिलीस” मधला ‘स’. कर्ता ‘त्यांनी’ झाला की त्याने जायलाच हवे: “त्यांनी पावती दिली नाही”. मसुद्यात हा ‘त’ राहिला. एकट्या पावतीसाठी ‘नाहीत’ हे अनेकवचन कुठून आले, असा प्रश्न पडला की समजावे, ‘तुम्ही’चा प्रत्यय मागे राहिला आहे.

यापेक्षा त्रासदायक ते “त्यांनी त्यांना पावती दिली नाही”. आदरार्थी बोलण्यात मराठी सर्वनाम लिंगही झाकते आणि वचनही. ‘त्याने’ आणि ‘तिने’ वेगळे आहेत, पण ‘त्यांनी’ एका पुरुषालाही लागते, एका स्त्रीलाही, दहा जणांनाही. गोष्टीत तो-ती असतील तर सर्वनामावर भागते, सभेच्या कागदात सगळेच ‘ते’ आणि ‘त्या’ असतात. मग नाव किंवा पद पुन्हा लिहावे. “खजिनदारांनी आपल्याला पावती दिली नाही, असे सदनिका ३०२ च्या सदस्यांनी सांगितले.” पुनरुक्ती होते, होऊ द्यावी. इतिवृत्तात पुनरुक्ती दोष नाही, संदिग्धता दोष आहे.

या वाक्यातल्या ‘आपल्याला’कडे जरा थांबून पाहू. अप्रत्यक्ष कथनात ‘आपण’ हे मराठीचे खास हत्यार आहे. ‘तो म्हणाला की तो जाणार’ मध्ये दुसरा ‘तो’ कोणीही असू शकतो. ‘आपण जाणार असल्याचे तो म्हणाला’ मध्ये जाणारा तोच, जो बोलला. वर्तमानपत्रांत “आपण तेथे गेलोच नव्हतो, असे त्यांनी सांगितले” अशी वाक्ये रोज दिसतात. इथे क्रियापद ‘गेलो नव्हतो’ असे प्रथम पुरुषी अनेकवचनात जाते, आणि त्यामुळे बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळेनासे होते. ३०२ च्या सदस्यांचे बोलणे “आपण दोनदा आलो होतो, असे त्यांनी सांगितले” असे लिहिले तर बरोबर आहे, फक्त स्त्रीलिंगाची खूण जाते. ती हवी असेल तर “त्या दोनदा आल्या होत्या” हा मार्ग.

पण ‘आपण’ला आणखी दोन अर्थ आहेत. ऐकणाऱ्यासकट सगळे, हा एक. आदराने ‘तुम्ही’, हा दुसरा. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून, हा भेद बोलताना कोणी चुकत नाही. ठेकेदार म्हणाला, “टाकी बदलायचीच झाली तर आपण बदलू.” बोलण्यात हे अगदी साधे वाक्य. ठेकेदार, सुतार, रंगारी असे बोलतातच: “आपण करून देऊ ना”. तिथे ‘आपण’ म्हणजे बहुधा ‘मी’, मवाळ करून सांगितलेला. पण तो शब्दशः घेतला तर त्यात संस्थाही येते. आणि मसुद्यात “आपण टाकी बदलू” तसेच ठेवल्यावर तीन वाचने शक्य झाली: ठेकेदार बदलेल, संस्था बदलेल, दोघे मिळून बदलतील. नवी टाकी कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न नेमका इथे दडला आहे.

अशा वेळी व्याकरण उत्तर देत नाही. मूळ बोलणेच संदिग्ध असेल तर अप्रत्यक्ष कथन ते उघड करू शकते, सोडवू शकत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने ‘ठेकेदार टाकी बदलतील’ असे लिहिणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट, कारण मग त्याने वायदा तयार केला. दोन रस्ते उरतात. सभेत तिथल्या तिथे विचारणे, ‘आपण म्हणजे कोण?’, आणि ते झाले नसेल तर ते शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवणे. प्रत्यक्ष कथन हा मागासलेला प्रकार नाही. ठरावाचा मजकूर, धमकी, नेमका आकडा आणि असे दुहेरी बोलणे प्रत्यक्षच ठेवावे.

‘आपला’ही असाच सांभाळावा लागतो. “सचिवांनी सदस्यांना आपल्या घरातला नळ तपासायला सांगितले.” कोणाच्या घरातला? दोन्ही वाचने बसतात. “सदस्यांनी आपापल्या घरातला नळ तपासावा, असे सचिवांनी सांगितले” म्हटले की प्रश्न मिटतो.

मसुद्यातली तिसरी अर्थाची चूक पंपाविषयी आहे. “चालू करू नका” चे “चालू करण्यास सांगितले नाही” झाले. ‘नाही’ आतल्या वाक्यातून उडी मारून बाहेरच्या क्रियापदावर बसले. आता अर्थ असा झाला की ठेकेदाराने पंपाबद्दल काहीच सांगितले नाही, म्हणजे चालू केला तरी हरकत नाही. आज्ञार्थ अप्रत्यक्ष करताना होकार असेल तर ‘करायला सांगितले’ किंवा ‘करावे, असे सांगितले’ दोन्ही निर्धोक आहेत. नकारात मात्र ‘-ऊ नये’ हेच रूप घ्यावे: “पंप चालू करू नये, असे ठेकेदारांनी सांगितले.” यात नकार हलूच शकत नाही. मसुद्यातल्या “ठेकेदाराने… ते” या जोडीत नाम एकेरी आणि सर्वनाम आदरार्थी झाले आहे, तेही इथेच सुधारून घ्यावे.

प्रश्नांचे काम सोपे आहे. “पाणी कधी येणार?” चे “पाणी कधी येणार, अशी विचारणा त्यांनी केली”, प्रश्नचिन्ह जाते, पूर्णविराम येतो, काळ तोच राहतो. प्रश्नार्थी शब्दाची जागाही हलवावी लागत नाही. “ही काय पद्धत झाली?” हा मात्र प्रश्न नाही, राग आहे. त्याची ‘विचारणा’ केली तर हास्यास्पद होते. “याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली” इतके पुरे. मात्र सांगणारे क्रियापद जितके रंगीत, तितका लिहिणारा त्यात उतरतो. ‘सांगितले’, ‘म्हणाल्या’, ‘विचारले’ ही तटस्थ. ‘कबूल केले’, ‘स्पष्ट केले’, ‘बजावले’ यांत आतले वाक्य खरे असल्याची किंवा बोलणाऱ्याच्या आवेशाची ग्वाही लिहिणारा देतो. ‘नाराजी’ ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते म्हणून ती चालली.

एवढे सगळे बसवल्यावर नोंद अशी होते:

“सचिवांनी सांगितले, की शुक्रवार, १३ जून रोजी टाकी गळत होती आणि त्यांनी स्वतः ठेकेदारांना लगेच फोन केला. खजिनदारांनी सांगितले, की आगाऊ रक्कम त्यांनी अजून दिलेली नाही. कोटेशन आल्यावर त्या ती देतील. ठेकेदारांनी सांगितले, की ते सोमवार, १६ जून रोजी येतील आणि तोपर्यंत पंप चालू करू नये. टाकी बदलण्याबाबत ‘बदलायचीच झाली तर आपण बदलू’ असे ते म्हणाले. खर्चाचा विषय निघाला नाही. सदनिका ३०२ च्या सदस्य दोनदा कार्यालयात आल्या होत्या, पण खजिनदारांनी त्यांना पावती दिली नाही, असे या सदस्यांनी सांगितले व नाराजी व्यक्त केली. पाणी कधी येणार, अशी विचारणाही त्यांनी केली.”

तपासण्याची एक पद्धत हाताशी ठेवण्यासारखी आहे. तयार नोंदीतले प्रत्येक वाक्य उलटे, म्हणजे पुन्हा प्रत्यक्ष करून वाचायचे. “त्या ती देतील” चे “मी ती देईन” होते, बोलणे जुळले. पहिल्या मसुद्यातल्या “दिलेली नव्हती” चे उलट “मी दिलेली नव्हती” होते, आणि खजिनदार असे बोलल्याच नव्हत्या. “चालू करण्यास सांगितले नाही” याला उलटे करायला आत वाक्यच सापडत नाही. उलटताना दोन वेगळी वाक्ये निघू लागली, जशी “गळत असल्याचे” मधून “गळत आहे” आणि “गळत होती” निघतात, तर तिथे काळ हरवला आहे. उलटताना ‘मी’ कोणाच्या तोंडी घालावा कळेना, तर तिथे सर्वनाम.